धुराड्यातले पाणी

युरोपात घरे उबदार ठेवण्यासाठी जे गॅसचे बॉयलर वापरतात, त्यांच्या माहितीपत्रकात कार्यक्षमतेच्या रकान्यात १०८ किंवा १०९ टक्के असा आकडा छापलेला असतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो पाहताच अडखळायला होते. शंभर रुपये गुंतवून एकशे नऊ रुपये मिळू शकतात, पण शंभर कॅलरी जाळून एकशे नऊ कॅलरी मिळणे निसर्गाच्या हिशेबात बसत नाही. तरीही हा आकडा खोटा नाही. तो मांडणाऱ्याने 'शंभर' कशाला म्हणायचे हे वेगळ्या रीतीने ठरवलेले आहे, एवढेच. ही रीत कशी पडली आणि ती आजही पैशाच्या हिशेबात कुठे डोके वर काढते, त्याचा हा इतिहास आहे.

गॅसच्या शेगडीवर थंड पाण्याचे पातेले ठेवले, की पहिल्या मिनिटभरात त्याच्या बुडाला बाहेरून दव जमते. पातेले गळत नसते. ते पाणी ज्योतीतून आलेले असते. इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पाण्याची वाफ होते. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. तो एक किलो जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होते. भांडे तापले की दव नाहीसे होते आणि मग ही सगळी वाफ न दिसता निघून जाते.

पाण्याची वाफ करायला पुष्कळ उष्णता लागते आणि त्या वेळी तापमापीचा पारा मात्र हलत नाही, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात दाखवून दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांत यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ही दडलेली उष्णता परत मिळते, दर किलोमागे साधारण ५८५ किलोकॅलरी. म्हणजे एक किलो मिथेन जाळला की सुमारे तेराशे किलोकॅलरी वाफेत दडून बसतात. वाफ थंड करून पाणी केले तर त्या आपल्या, धुराड्यातून जाऊ दिली तर आकाशाच्या. म्हणून एकाच इंधनाला दोन उष्णतामूल्ये असतात. वाफेची उष्णता धरून येणारे ते वरचे किंवा सकल मूल्य, ती सोडून येणारे ते खालचे किंवा निव्वळ मूल्य. मिथेनच्या बाबतीत वरचे मूल्य खालच्यापेक्षा ११ टक्क्यांनी जास्त भरते. निव्वळ कार्बन जाळला तर पाणीच होत नाही, म्हणून तेथे दोन्ही मूल्ये एकच. शुद्ध हायड्रोजनमध्ये मात्र हा फरक १८ टक्क्यांपर्यंत जातो.

हा फरक एकाच यंत्रात मोजून दाखवण्याचे श्रेय ह्यूगो युंकर्स यांचे. पुढे धातूची विमाने बांधून हे नाव जगभर गाजले, परंतु १८९० च्या सुमारास हा तरुण इंजिनिअर जर्मनीतल्या डेसाऊ गावी कोळशाच्या वायूवर चालणारी इंजिने घडवण्याच्या खटपटीत होता. इंजिन किती वायू खाते आणि त्या वायूत उष्णता किती, हे कळल्याशिवाय इंजिनाचा कस लागणार कसा? म्हणून त्यांनी कॅलरीमापी बनवला, १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला.

त्याची रचना आपल्याकडच्या तांब्याच्या बंबासारखी डोळ्यापुढे आणता येईल. उभ्या नळकांड्यात खाली बर्नर. जळलेले वायू वर जातात आणि मग बारीक नळ्यांतून खाली उतरतात. नळ्यांभोवती थंड पाणी उलट दिशेने, खालून वर चढत असते. त्यामुळे वायू बाहेर पडेपर्यंत जवळजवळ खोलीच्या तापमानाला येतात. त्यांतल्या वाफेचे पाणी होते आणि खालच्या तोटीतून ते थेंब थेंब मोजपात्रात पडते.

उदाहरणादाखल हिशेब करू. १०० लीटर वायू जळाला. तेवढ्या वेळात यंत्रातून ४० लीटर पाणी वाहिले आणि ते १२.५ अंशांनी तापले. चाळीस गुणिले साडेबारा म्हणजे ५०० किलोकॅलरी, अर्थात दर घनमीटरला ५,०००. हे झाले वरचे मूल्य, कारण वाफेची उष्णताही पाण्यातच आलेली आहे. आता मोजपात्रात पाहावे. तेथे ८५ मिलिलीटर पाणी जमले असेल, तर घनमीटरला ते ८५० मिलिलीटर झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लीटरला ६०० किलोकॅलरी धरल्या, तर ५१० वजा करायच्या. राहिले ४,४९०, हे खालचे मूल्य. एका छोट्या मोजपात्राने दोन मूल्यांमधला सगळा भेद उघड केला.

याच यंत्रातून युंकर्सनी पुढे न्हाणीघरातला गॅसचा पाणी तापवणारा बंब काढला आणि १८९५ मध्ये त्याचा कारखाना घातला. यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. मोजायच्या यंत्रात वाफेची उष्णता पुरती हाती येई, पण रोजच्या वापराच्या उपकरणांत ती जाणूनबुजून सोडून दिली जाई. कारण साधे होते. वाफेचे पाणी धुराड्यात झाले तर ते विटांत मुरते. त्यात कार्बन डायॉक्साइड विरघळतो, कोळशातल्या गंधकाची आम्ले मिसळतात आणि लोखंड खाल्ले जाते. शिवाय वायू गरम असल्याखेरीज साधे धुराडे ओढत नाही. म्हणून वायू शंभर अंशांच्या बरेच वर राखून बाहेर सोडायचे, हा शहाणपणाचा नियम ठरला.

जी उष्णता कुणाला मिळूच शकत नाही, तिचा दोष इंजिनाला किंवा बॉयलरला कशाला द्यायचा, असा विचार करून जर्मनीत आणि युरोप खंडात यंत्रांची कार्यक्षमता खालच्या मूल्यावर मोजण्याची प्रथा पडली. इंग्लंडने दुसरी वाट धरली. तेथे १९२० च्या कायद्याने गॅसची विक्री आकारमानाऐवजी उष्णतेवर, 'थर्म' या एककाने, करायचे ठरले आणि त्यासाठी वरचे मूल्य धरले. गिऱ्हाइकाने ती उष्णता वापरली की वाया घालवली, हा त्याचा प्रश्न. दोन्ही पक्षांचे तर्क आपापल्या जागी चोख होते. वाफ धुराड्यातून जात होती तोवर कुणाला अडचणही नव्हती.

अडचण उभी राहिली ती नैसर्गिक वायू आल्यावर. नेदरलँड्समध्ये १९५९ साली स्लोख्तरेन येथे वायूचा प्रचंड साठा सापडला. या वायूत गंधक जवळजवळ नसते. त्यात १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले. तेव्हा स्टेनलेस पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा उष्णता-विनिमयक वापरून धुराड्यातली वाफ मुद्दाम थंड करणारे बॉयलर तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घडू लागले. युंकर्सच्या कॅलरीमापीतली युक्ती आता घराघरात आली. जुन्या प्रथेप्रमाणे या बॉयलरची मिळकत खालच्या मूल्याने भागली, की उत्तर शंभरापुढे जाते. वरच्या मूल्याने भागले तर तोच १०९ टक्क्यांचा बॉयलर ९८ टक्क्यांवर येतो. निसर्गाचा नियम शाबूत राहतो. जर्मनीत आजही गॅसचे बिल वरच्या मूल्यावर निघते.

पण बॉयलर विकत घेतला म्हणजे ती उष्णता पदरात पडलीच, असे नाही. मिथेन नेहमीच्या थोड्या जादा हवेत जळाला तर वायूंचा दवबिंदू ५५ अंशांच्या आसपास येतो. घरात फिरून बॉयलरकडे परतणारे पाणी याहून थंड असेल तरच वाफेचे पाणी होईल. रेडिएटर ८० अंशांनी तापवून पाणी ६० अंशांनी परत आणले, तर महागडा बॉयलर साध्या बॉयलरहून फारसा वेगळा राहत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. एक घनमीटर मिथेन जळून सुमारे १.६ लीटर पाणी होते. सांडनळीतून त्यातले किती बाहेर येते ते मोजावे. नळी कोरडी असेल, तर माहितीपत्रकातला आकडा कागदावरच राहिला आहे.

हे पाणी किंचित आंबट असते आणि त्याची वाट लावावीच लागते. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवे गॅस बॉयलर याच जातीचे असावेत असा नियम झाला. अनेक घरांत सांडपाण्याची बारीक नळी भिंतीबाहेरून काढलेली होती. डिसेंबर २०१० च्या कडाक्याच्या थंडीत त्या नळ्यांतले पाणी गोठले, पाणी तुंबले आणि ऐन हिवाळ्यात बॉयलर बंद पडले. लोक नळ्यांवर कोमट पाणी ओतत बसले. त्यानंतर नळी शक्यतो घरातून न्यावी, बाहेर काढलीच तर जाड आणि वेष्टनाची असावी, हा धडा कायमचा झाला.

आपल्या भागात घरे तापवावी लागत नाहीत, पण हा हिशेब आपल्याला परका नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाणाऱ्या उसाच्या चिपाडात निम्मे पाणी असते. अशा एक किलो चिपाडाचे वरचे मूल्य सुमारे २,२७० किलोकॅलरी, खालचे १,८०० च्या आसपास. चिपाडातले मूळचे पाणी आणि जळताना झालेले पाणी, दोन्ही वाफ होऊन धुराड्यावाटे जातात. म्हणून एका कारखान्याचा बॉयलर ७० टक्क्यांचा आणि दुसऱ्याचा ८८ टक्क्यांचा असे ऐकले, तर आधी विचारावे, कोणत्या मूल्यावर? एकच बॉयलर दोन्ही आकडे दाखवू शकतो.

आणि हा प्रश्न कारखान्यापुरताही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशी नैसर्गिक वायूचा दर ५.०५ डॉलर ठरवला. आधीचा दर ४.२ डॉलर होता. वाढ वीस टक्क्यांची दिसली. परंतु जुना दर निव्वळ मूल्यावर होता आणि नवा सकल मूल्यावर. नव्या दराचे रूपांतर जुन्या मोजमापात केले तर तो ५.६१ डॉलर होतो, म्हणजे खरी वाढ एकतृतीयांशाच्या घरात जाते. पातेल्याच्या बुडावर मिनिटभर दिसणाऱ्या त्या दवाचीच ही किंमत.