भीमबेटकाच्या भिंतीवरील शिकारी

भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरांवर विंध्याच्या डोंगररांगेत भीमबेटका हे स्थळ आहे. १९५७ साली उज्जैनचे चित्रकार व पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांना आगगाडीतून जाताना येथील खडक दिसले आणि या शैलाश्रयांचा शोध लागला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनन केले. २००३ साली या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

येथील शिकारीच्या चित्रांची छायाचित्रे पाहताना एक चूक सहज घडते. धनुर्धारी, हरणे, गवे आणि ढाल-तलवार घेतलेले घोडेस्वार शेजारी शेजारी दिसतात, म्हणून तो एकच प्रसंग वाटतो. वस्तुतः एकाच भिंतीवर निरनिराळ्या काळांतील हातांनी चित्रे काढलेली आहेत. चित्रांचा लाल रंग बहुधा गेरूचा, म्हणजे खनिज आहे. त्यात सेंद्रिय कर्ब नसल्याने कर्बमापनाने त्याचे वय काढता येत नाही. म्हणून अभ्यासक प्रथम कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली आहे ते पाहतात. खालची रेघ आधीची, वरची नंतरची. मग शस्त्रे पाहतात. घोडेस्वार व धातूची शस्त्रे ऐतिहासिक काळातील ठरतात, तर पायी शिकार करणारे अनेक धनुर्धारी मध्याश्मयुगाकडे नेतात.

या जुन्या शिकाऱ्यांच्या बाणांना व भाल्यांना कित्येकदा बाजूने काटे दाखविलेले असतात. शैलाश्रयांच्या उत्खननात गारगोटीसारख्या दगडांची नखाएवढी पाती मोठ्या संख्येने सापडली. एवढ्याशा पात्याने गवा कसा मारला जाई, हे नुसत्या दगडावरून कळत नाही, कारण ज्या लाकडी दांड्यात ती बसवीत तो केव्हाच कुजून गेला. चित्रातील काटेरी बाण या प्रश्नाचे उत्तर सुचवितो : अनेक पाती एका दांड्याला ओळीने बसवून एक शस्त्र होत असे. मातीने जे राखले नाही ते येथे रंगाने राखले.

तथापि प्रत्येक चित्र म्हणजे घडलेल्या शिकारीची नोंद नव्हे. एका खडकावर शिंगे असलेला प्रचंड रानडुक्कर इवल्याशा माणसाच्या पाठीस लागलेला आहे. रानडुकराला शिंगे नसतात आणि येथे पळतो आहे तो माणूस. यात पाहिलेल्या जनावरापेक्षा ऐकलेल्या कथेचा किंवा भयाचा अंश अधिक असावा. शस्त्राच्या चित्रणाला उत्खननातील दगडांचा आधार मिळतो, शिंगाळ्या डुकराला तसा कोणताच आधार नाही. म्हणून या दोन चित्रांचा पुरावा सारख्याच वजनाचा मानता येत नाही.