नैतिक संत

नैतिक संत : जिची प्रत्येक कृती नैतिकदृष्ट्या शक्य तितकी चांगली असते, अशी कल्पित व्यक्ती. ही व्याख्या अमेरिकन तत्त्वज्ञ सूझन वुल्फ यांनी १९८२ साली ‘मॉरल सेंट्स’ या निबंधात मांडली.

वुल्फ असे दोन संत कल्पितात. एकाला परोपकारातच सुख लाभते. दुसरा कर्तव्यापोटी स्वतःचे सुख बाजूला सारतो. दोघांचाही वेळ भुकेल्यांना अन्न देण्यात, आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यात जातो. मग ओबो वाजवणे, कादंबऱ्या वाचणे, टेनिसचा बॅकहँड घोटणे राहूनच जाते. बोचरा विनोदही जमत नाही, कारण त्यासाठी माणसांतली खोट पाहावी लागते. असा माणूस कंटाळवाणाच ठरणार! वुल्फ यांचा रोख मात्र असा आदर्श ज्यांतून निघतो त्या उपयुक्ततावाद व कांटचे नीतिशास्त्र यांवर आहे (पहा : उपयुक्ततावाद, कांट, इमॅन्युएल).

प्रत्यक्षातले संत असे नीरस नसतात, असा आक्षेप तत्त्वज्ञ रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९८४ मध्ये घेतला.