थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया: आयुष्यभराचा आजार कायद्याने दिव्यांगत्व कधी ठरतो?

थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया असलेल्या मुलाचे पालक दोन प्रश्न नेहमी विचारतात. हा आजार किती दिवस राहणार? आणि याला दिव्यांग प्रमाणपत्र मिळते का? पहिल्याचे उत्तर सरळ आहे: हे जन्मापासूनचे आनुवंशिक आजार आहेत आणि उपचार आयुष्यभर चालतात. थॅलेसेमियात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो, बहुधा सख्खे भावंड, आणि तो प्रत्येकाला मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" आहे, पण कोणता लाभ मिळेल हे प्रमाणपत्रावर नेमके काय लिहिले आहे यावर ठरते. हा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

आजारापेक्षा त्याचे परिणाम समजून घ्या

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. म्हणून साधारण दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाण्याआधीच रक्त मिळाले, तर मूल नीट वाढते. मात्र रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकते. उरलेले लोह यकृत, हृदय आणि ग्रंथींमध्ये साठते. उंची खुंटणे, वयात उशिरा येणे, मधुमेह आणि हृदयाची कमजोरी हे पुढचे त्रास मुख्यतः या साठलेल्या लोहामुळे होतात. म्हणून साधारण १० ते २० वेळा रक्त चढवून झाल्यावर, किंवा फेरिटिन १००० च्या वर गेल्यावर, लोह काढणारी गोळी सुरू होते. ती रोज आणि न चुकता घ्यायची असते.

थॅलेसेमिया मायनर ही वेगळी गोष्ट आहे. ती व्यक्ती वाहक असते, तिला रक्त चढवावे लागत नाही आणि दिव्यांग प्रमाणपत्रही मिळत नाही. पण नवरा-बायको दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून तपासणी गरोदर राहण्याआधी करून घ्या.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा घटक, म्हणजे फॅक्टर, कमी असतो. तो १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर आजार तीव्र मानतात. अशा मुलाला मार लागला नाही तरी सांध्यात रक्तस्राव होतो, बहुधा गुडघा, कोपर किंवा घोट्यात. सूज दिसण्याआधी सांध्यात मुंग्या आल्यासारखे किंवा गरम वाटते. फॅक्टर तेव्हाच मिळाला पाहिजे. एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त साचले, की कूर्चा झिजते आणि सांधा आखडतो.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात रक्ताचे आजार नव्हतेच. नव्या कायद्याच्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही आहेत.

अनेक कुटुंबांचा गैरसमज इथे होतो. आजाराचे नाव यादीत आहे म्हणून सगळे लाभ आपोआप मिळत नाहीत. काही सवलती फक्त आजाराच्या निदानावर मिळतात, काहींसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागते आणि नोकरीतील आरक्षणासाठी दिव्यांगत्वाचा प्रकारही पाहिला जातो.

फक्त निदानावर काय मिळते

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना रक्त मोफत द्यावे आणि त्याबदल्यात रक्तदाता आणण्याची सक्ती करू नये, असे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे धोरण आहे. यासाठीचे रुग्ण ओळखपत्र तुमच्या उपचार केंद्रातून करून घ्या आणि रक्तपेढीत जाताना सोबत ठेवा.

उपचारासाठी किंवा तपासणीसाठी रेल्वेने जाताना या दोन्ही आजारांच्या रुग्णांना आणि सोबतच्या एका व्यक्तीला स्लीपर वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. हिंगोलीहून पूर्णामार्गे नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेहमी जावे लागणाऱ्या कुटुंबाचा यात बराच खर्च वाचतो. यासाठी टक्केवारी लागत नाही. उपचार करणाऱ्या रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते.

४० टक्के किंवा अधिक असेल तर

कायद्यात याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. अशा मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. या जागांसाठी रक्ताचे आजारही पात्र आहेत. प्रौढ रुग्णाचे कुटुंबाचे उत्पन्न कमी असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो.

टक्केवारी जास्त आली तर डॉक्टर किंवा नर्स होण्याचा रस्ता बंद होईल, अशी भीती काही पालकांना वाटते. महाराष्ट्रातील ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पष्ट केले, की केवळ टक्केवारी पाहून एमबीबीएसला प्रवेश नाकारता येत नाही; विद्यार्थी तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने पाहिले पाहिजे. त्याचे दिव्यांगत्व बोलण्याशी संबंधित होते, पण हे तत्त्व रक्ताच्या आजारांच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी आहे.

४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर

प्रमाणपत्र तरीही घ्या. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोयी मागण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अवलंबून नाही. रक्त चढवण्याच्या दिवशीची गैरहजेरी समजून घेणे किंवा सांधा सुजला असताना तळमजल्यावर बसवणे या गोष्टी तुम्ही शाळेकडे लेखी मागू शकता. कोपरातील रक्तस्रावांमुळे लिहिणे कठीण झालेल्या विद्यार्थ्यासाठी विकास कुमार प्रकरणातील ११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांवरील उमेदवारांपुरती ठेवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र लिहिण्यात अडचण आहे, असे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते परीक्षेच्या काही महिने आधीच घ्या.

नोकरीतील आरक्षण: एक उदाहरण

सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षण कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. त्यात अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, बौद्धिक व मानसिक दिव्यांगत्व आणि यांपैकी एकाहून अधिक असणे, असे गट आहेत. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे ५० टक्के थॅलेसेमियाचे प्रमाणपत्र असले तरी त्यावर हे आरक्षण मिळत नाही.

समजा, वसमत तालुक्यातील १९ वर्षांच्या तरुणाला तीव्र हिमोफिलिया ए आहे आणि त्याचे वजन ५० किलो आहे. उजव्या गुडघ्यात रक्तस्राव झाला, की फॅक्टर आठची पातळी ४० टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी त्याला साधारण १००० युनिट लागतात, कारण किलोमागे १ युनिट दिल्यावर पातळी सुमारे २ टक्के वाढते. लहानपणी फॅक्टर वेळेवर मिळाला नाही, म्हणून आता गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि तो लंगडत चालतो. त्याने अर्जात फक्त "हिमोफिलिया" निवडले, तर त्याची गणना रक्ताच्या आजारात होईल आणि नोकरीचे आरक्षण मिळणार नाही. गुडघा कायमचा आखडला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडून त्याचीही स्वतंत्र तपासणी मागावी. अस्थिव्यंग म्हणून ४० टक्के किंवा अधिक नोंद झाली, तर कलम ३४ चा गट लागू होऊ शकतो. नुकत्याच झालेल्या रक्तस्रावामुळे तात्पुरता सुजलेला गुडघा यात धरला जात नाही.

तपासणीला जाण्याआधी

अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर करावा लागतो. आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तपासणी तुमच्या जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्ह्यातील कुटुंबांनी जिल्हा सामान्य रुग्णालयात दिवस आणि वेळ विचारून जावे. ओळखपत्र ४० टक्क्यांच्या खाली पांढरे, ४० ते ८० मध्ये पिवळे आणि ८० पासून निळे असते.

रक्त चढवल्यानंतर चार दिवसांनी आलेले मूल टवटवीत दिसते. कागद नसतील, तर मंडळाला तेवढेच दिसते आणि टक्केवारी कमी येते. म्हणून रक्त लांबवून मुलाला अशक्त अवस्थेत कधीही नेऊ नका, त्याने हृदयावर ताण येतो. त्याऐवजी नोंदी न्या. थॅलेसेमियासाठी निदानाचा एचपीएलसी अहवाल, वर्षभरातील प्रत्येक रक्त चढवण्याची तारीख, फेरिटिनचे अहवाल, हृदयाचा टू-डी इको आणि उंची-वजनाची नोंद लागते. हिमोफिलियासाठी फॅक्टरची पातळी, इन्हिबिटरचा अहवाल, सांध्यांचे एक्स-रे आणि प्रत्येक रक्तस्रावाची वही: तारीख, कोणता सांधा, किती युनिट दिले, शाळेचे किती दिवस बुडाले.

प्रमाणपत्र हाती आल्यावर तीन गोष्टी तिथेच तपासा: दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी आणि ते कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे. मुदतीचे असेल तर संपण्याच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करा, नाहीतर प्रवेशाच्या हंगामातच ते बाद ठरू शकते. निर्णय मान्य नसेल, तर ९० दिवसांच्या आत राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. अपिलासोबत आधी न दाखवलेले अहवाल जोडा आणि अर्जाची पोच घ्या.