डाळ मिल आज उभारावी की वर्षभर थांबावे? बिदर-कलबुर्गीच्या तुरीचा हिशेब

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेले बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे महाराष्ट्राला लागून आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी घरोघरी ऐकू येते आणि तेथील व्यापाऱ्यांचा लातूर, उदगीर, सोलापूरच्या बाजारपेठांशी जुना संबंध आहे. या पट्ट्याचे मुख्य पीक तूर. जून-जुलैत पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने बाजार समित्यांची आवारे तिने भरतात. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे पोत्यातून नाव नसलेली डाळ विकण्याऐवजी मानांकनाची पाकिटे शहरांत विकावीत, असा विचार अनेक डाळ मिलवाल्यांच्या मनात येऊ लागला. त्यासाठी स्वच्छता, प्रतवारी आणि पाकीटबंदीची नवी यंत्रे लागतात. ती आज घ्यावीत, की मागणी टिकते की नाही हे कळेपर्यंत एक वर्ष थांबावे, हा प्रश्न अनुभवाने किंवा अंदाजाने सोडवला जातो; पण त्याचा हिशेबही मांडता येतो.

हिशेबाचे मूळ एवढेच की पुढच्या वर्षी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. भांडवलावर वर्षाला 12 टक्के परतावा अपेक्षित असेल, तर वर्षाने येणारे 112 रुपये आजच्या 100 रुपयांच्या बरोबरीचे. पुढील प्रत्येक वर्षाची रक्कम अशी कमी करत आजच्या मूल्याला आणण्यास वटाव लावणे म्हणतात. बारा टक्के दराने सलग दहा वर्षे, प्रत्येक वर्षाअखेर मिळणाऱ्या एका रुपयाचे आजचे एकत्रित मूल्य सुमारे 5 रुपये 65 पैसे होते. पुढील सर्व आकडेमोड या एका आकड्यावर चालते.

उदाहरणादाखल एक काल्पनिक मिल घेऊ. नव्या यंत्रांचा आणि शेडचा खर्च 200 लाख रुपये, आयुष्य दहा वर्षे. शहरी ग्राहकांनी पाकिटे पुन्हा पुन्हा मागितली तर खर्च वजा जाता वर्षाला 50 लाख उरतात. मागणी पहिल्या कौतुकानंतर ओसरली तर केवळ 22 लाख. दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या धरू. मागणी टिकल्यास दहा वर्षांच्या मिळकतीचे आजचे मूल्य 282.5 लाख, म्हणजे खर्च वजा जाता 82.5 लाखांचा लाभ. ओसरल्यास मूल्य 124.3 लाख, म्हणजे 75.7 लाखांचा तोटा. दोहोंची सरासरी काढली की आज गुंतवणूक केल्याचे मूल्य 3.4 लाख रुपये नफा असे येते. बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात बहुधा एवढेच लिहिलेले असते, आणि नफा दिसतो म्हणून निर्णय होतो.

आता दुसरा मार्ग. वर्षभर थांबून मिल दुसऱ्याच्या यंत्रांवर मजुरी देऊन थोडी पाकिटे तयार करून घेते आणि ती विकून पाहते. या चाचणीचा खर्च तिच्या विक्रीतून निघतो असे धरू. वर्षाअखेर मागणी टिकलेली दिसली तर यंत्रे घ्यायची. न दिसली तर घ्यायची नाहीत. टिकली तर लाभ तोच 82.5 लाख, पण तो एक वर्ष उशिरा, म्हणून आजचे मूल्य 73.7 लाख. ओसरली तर लाभ शून्य, परंतु तोटाही शून्य. सरासरी 36.8 लाख. आजच्या 3.4 लाखांच्या तुलनेत थांबणे 33 लाखांहून अधिक मोलाचे ठरते. थांबल्याने मिळकत वाढलेली नाही; वाईट शक्यतेतला तोटा तेवढा टळला आहे.

हिशेब करणारे येथेच हमखास दोन चुका करतात. थांबण्याच्या मार्गातही वाईट शक्यतेचा तोटा धरला जातो, जणू मागणी नाही हे कळूनही यंत्रे घेतलीच जातील. दुसरे म्हणजे पुढच्या वर्षीच्या 82.5 लाखांना वटाव न लावता ते आजच्या रकमेशेजारी ठेवले जातात. दोन्ही मार्ग एकाच तारखेच्या रुपयांत आणल्याशिवाय तुलना होत नाही.

थांबणे नेहमीच लाभाचे असते असे मात्र नाही. वाईट शक्यतेतही वर्षाला 38 लाख उरणार असतील, तर दहा वर्षांचे मूल्य 214.7 लाख, म्हणजे खर्चाहून जास्तच. मग वर्षाअखेर उत्तर काहीही येवो, यंत्रे घ्यायचीच आहेत. अशा स्थितीत आजचे मूल्य 48.6 लाख आणि थांबण्याचे 43.4 लाख. निर्णय बदलू न शकणाऱ्या माहितीसाठी थांबण्याची किंमत पाच लाखांहून अधिक पडते. तसेच पहिल्या उदाहरणात मागणी टिकण्याची खात्री निम्म्याऐवजी दहापैकी नऊ असेल, तरच आजचा मार्ग थोडा सरस ठरतो.

स्पर्धेचा प्रश्न वेगळा. थांबलेल्या वर्षात शेजारच्या मिलने शहरी दुकानांतील जागा पटकावली, तर चांगल्या शक्यतेतली वार्षिक मिळकत 50 लाखांवरून खाली येईल. ती सुमारे 37 लाखांपर्यंत घसरल्यास दोन्ही मार्ग सारखे होतात, त्याहून खाली गेल्यास आज गुंतवणूक करणे बरे. म्हणून ‘दुसरा पुढे जाईल’ ही भीती व्यक्त करून भागत नाही. पुढे गेला तर वर्षाला किती लाख कमी होतील हे सांगावे लागते. जुनी यंत्रे विकून काही रक्कम परत येत असेल तर आजच्या मार्गाचा तोटा कमी होतो. परंतु यंत्र विकले जाते. शेड, पाया आणि वाढवून घेतलेली वीजजोडणी तेथेच राहते.

सर्वांत अवघड भाग आकडेमोडीबाहेरचा आहे: वर्षभरात जे कळेल ते पुढील दहा वर्षांबद्दल काही सांगते का? तुरीच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. मे 2021 पासून केंद्राने तुरीची आयात खुली ठेवली आणि ही मुभा मुदतीमागून मुदत देत वाढवली. मोझांबिक, म्यानमार आणि टांझानियाची तूर त्यामुळे देशी बाजारात येत राहिली. जून 2023 मध्ये आणि पुन्हा जून 2024 मध्ये साठ्यावर मर्यादा आल्या. एका मार्चमध्ये जाहीर झालेले धोरण पुढच्या मार्चमध्ये बदलू शकते. एखाद्या हंगामात पाऊस खेचला किंवा मर रोगाने उभे पीक वाळले तर भाव चढतात. त्यावरून पाकिटांना मागणी आहे असा अर्थ काढणे चुकीचे. आयात-धोरण स्पष्ट होईल म्हणून थांबणाऱ्याला पुढच्या वर्षीही तेच कारण सापडेल.

या धंद्यात वर्षभरात खरोखर कळण्यासारखी आणि टिकणारी गोष्ट एकच दिसते. बाजारात तुरीचा भाव काहीही असो, मानांकनाच्या पाकिटासाठी ग्राहक सुट्या डाळीपेक्षा किलोमागे किती रुपये जास्त देतो आणि तेच दुकान दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यात पुन्हा मागणी नोंदवते का. वर्षभराच्या चाचणीत एकूण विक्रीऐवजी हे दोन आकडे दर महिन्याला लिहून ठेवावे लागतात. किती रुपयांचा फरक टिकला तर यंत्रे घ्यायची, हा आकडा चाचणी सुरू करण्यापूर्वी ठरवून कागदावर उतरवलेला असावा. वर्षाअखेर ठरवायला बसल्यास तोपर्यंत झालेल्या विक्रीच्या कौतुकाने तो खाली सरकतो.