उधारखाते ॲप

किराणा दुकानदाराची उधारीची वही मोबाइलवर ठेवणारे ॲप. भारतात खाताबुक आणि ओकेक्रेडिट ही त्यातली परिचित नावे. गिऱ्हाइकाचे खाते नाव आणि मोबाइल क्रमांकावर उघडते. खात्यात नोंदी दोनच प्रकारच्या होतात: माल उधार दिला की रक्कम नावे पडते, पैसे आले की जमा होते. दोहोंतला फरक म्हणजे बाकी.

समजा, एका बाईंची मागची बाकी १,२४० रुपये आहे. त्यांनी तूरडाळ आणि तेल मिळून ३८५ रुपयांचा माल नेला. दुकानदार नुसती रक्कम टाकतो, सवड असेल तर मालाचे नावही लिहितो किंवा चिठ्ठीचा फोटो जोडतो. बाकी १,६२५ होते आणि बाईंना तसा संदेश जातो. कागदी वहीत हे होत नसे. तिथे आकडा महिनाअखेरीला कळायचा आणि डाळ कधी नेली यावर वाद व्हायचा. इथे चूक असली तर त्याच दिवशी बोलता येते.

वसुलीची तारीख आली की दुकानदार व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसने स्मरणपत्र धाडतो. त्यात दुकानाचे नाव, बाकी आणि पैसे भरण्याची लिंक असते. लिंकमागे यूपीआयचा असा पत्ता असू शकतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana&am=1625.00&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, `am` म्हणजे रक्कम. लिंक दाबली की पैसे भरण्याचे ॲप रक्कम भरलेल्या स्थितीत उघडते. पिन टाकण्याआधी पडद्यावर दिसणारे नाव दुकानदाराचेच आहे ना, एवढे गिऱ्हाइकाने पाहावे. अशा लिंकमधली रक्कम धाडतानाची असते. नंतर साखर नेली तर ती त्यात येत नाही.

खरी अडचण जमेच्या बाजूला आहे. ॲपच्या लिंकवरून भरलेले पैसे ॲपला कळतात आणि आपोआप जमा पडतात. गल्ल्यावरच्या दुसऱ्या कंपनीच्या क्यूआरवर भरलेले किंवा रोख दिलेले पैसे त्याला कळत नाहीत. बाईंनी संध्याकाळच्या गर्दीत हजार रुपये रोख दिले आणि नोंद राहिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा १,६२५ ची आठवण जाते. पैसे देऊनही तगादा आला की जुने गिऱ्हाईक दुखावते, म्हणून स्मरणपत्रे धाडण्यापूर्वी दिवसाची रोख जमा टाकून घेणे फार महत्त्वाचे आहे.

उलटही घडते. लिंकवरून आलेले १,६२५ आपोआप जमा झालेले असतात आणि बँकेचा संदेश पाहून दुकानदार तेच पुन्हा हाताने टाकतो. मग नेहमी उधार नेणाऱ्याच्या खात्यावर एकाएकी १,६२५ रुपये आगाऊ जमा दिसतात. असे दिसले की त्या दिवसाच्या नोंदी बँकेच्या उताऱ्याशी ताडून जास्तीची नोंद काढावी.