सर केला, पण कोणी?

फोटोत आम्ही सहा जण आहोत आणि त्यातले फक्त दोघे उभे आहेत. बाकीचे महिपतगडावरच्या पारेश्वराच्या देवळाच्या ओट्यावर असे पसरलेत की जणू कोणी गोणीतून ओतलंय. एकाने बूट काढलेत, एक पोटरी चोळतोय. मी हसतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात मला श्वास लागलेला आहे.

तीन दिवसांत रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड. तिन्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर एका डोंगरधारेवर ओळीने उभे. आम्ही सगळे एकाच कॉलेजातले इंजिनिअर. आठवड्यातले पाच दिवस खुर्चीवर बसून काढतो आणि सहाव्या दिवशी आपण मावळे आहोत असं समजतो. फोटो झकास आला. भांडण झालं ते फोटोखाली काय लिहायचं यावरून.

एकाने लगेच लिहिलं, ‘तीन दिवस, तीन गड, सर!’ दुसऱ्याने भगवा झेंडा आणि तलवारीचा इमोजी जोडला. मला त्यातला ‘सर’ हा शब्द खटकत होता. नेमकं काय खटकतंय ते कळायला परतीचा प्रवास लागला.

आधी पायांबद्दल. गडावरची वाट आपल्याला दमवते, कारण ती दमवण्यासाठीच आहे. रसाळगड तिघांमध्ये चढायला सगळ्यात सोपा. तिथेही शेवटच्या चढावर पायऱ्या येतात, वर तट असतो, आणि एका दरवाजातून आत शिरून हुश्श करावं तर समोर दुसरा दरवाजा. किल्ल्यांच्या पायऱ्या उंच आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या असतात, त्यामुळे पावलाला लय सापडत नाही. दरवाजा बुरुजांच्या आड वळवून बांधलेला असतो, त्यामुळे धावत येऊन धडक मारायला जागा मिळत नाही. शत्रू दरवाजापाशी पोहोचतो तेव्हा त्याचा ऊर धपापत असतो, हातातलं हत्यार जड झालेलं असतं आणि वरचा पहारेकरी मात्र सावलीत ताजातवाना उभा असतो. रसाळगडावर आजही बऱ्याच तोफा इकडेतिकडे पडलेल्या दिसतात. पण गडाचं पहिलं हत्यार तोफ नव्हे, चढणाऱ्याचीच पोटरी. ते हत्यार गड फुकटात वापरतो.

म्हणजे देवळाच्या ओट्यावर आडवे पडलेले आम्ही हे गडाच्या विजयाचं चित्र होतं. यंत्रणा साडेतीनशे वर्षांनंतरही चालू होती आणि आम्ही ती यशस्वीपणे टेस्ट केली होती.

सुमारगडावर तर आम्ही पोहोचलोच नसतो. रसाळगडाहून तिकडे जाणारी वाट रानात हरवते. गुरांच्या वाटा तिला इतक्या ठिकाणी फुटतात की फोनवरचा नकाशा बावचळतो. म्हणून आम्ही पायथ्याच्या वाडीतून एका मामांना बरोबर घेतलं होतं. वय साठीच्या आसपास, पायात रबरी चपला, हातात कोयता, पाठीवर काही नाही. आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर दहा-बारा किलो. सुमारगडाचा शेवटचा कड्याचा टप्पा आम्ही हातपाय टेकून, एकमेकांना ‘इथे धर, तिथे पाय ठेव’ असं ओरडत चढलो. मामा वर बसून विडी ओढत होते. मी विचारलं, ‘मामा, दमायला होत नाही?’ ते म्हणाले, ‘दमून कसं चालंल? म्हशी हरवली की हितंच शोधाय येतो आमी.’

आम्ही ज्याला मोहीम म्हणत होतो ती त्यांच्याकडे हरवलेली म्हैस शोधणं होती.

महिपतगड या तिघांत सगळ्यात मोठा आणि उंच. पायथ्याच्या वाडीचं नावच बेलदारवाडी. बेलदार म्हणजे दगड फोडणारे, घडवणारे, बांधकाम करणारे लोक. गडाच्या कामासाठी त्यांना इथे आणून वसवलं, अशी वाडीच्या नावामागची गोष्ट सांगतात. गडमाथ्यावर झाडीत फिरताना मध्येच चुन्याचे जुने ढीग लागतात. बांधकामासाठी आणलेला चुना तसाच राहून घट्ट झालेला. पहिल्यांदा मला तो मुरुमाचा ढिगारा वाटला. मामांनी कोयत्याने खरवडून आतला पांढरा रंग दाखवला.

त्या ढिगापाशी मी हिशेब करत बसलो. चुना गडावर आपोआप तयार होत नाही. तो भाजलेला माल, वाळू, पाणी, सगळं कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून वर आलं. मी एकदा आलो आणि लोळलो. ती माणसं दिवसातून किती खेपा करत असतील? त्यांच्या पायांबद्दल कुठल्याच बखरीत ओळ नाही. नशिबाने निदान वाडीच्या नावात ती उरली आहेत.

उतरलो आणि खेडहून थेट पुण्याला निघण्याऐवजी दापोलीमार्गे हर्णैला गेलो. कारण ऐतिहासिक नव्हतं, मासे हवे होते. पण किनाऱ्यावर बसलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो आणि मग इतिहास टाळता येत नाही. होडीने किल्ल्यात जायचा बेत होता. पण होडीत चढायला गुडघा जितका वर उचलावा लागतो तितका उचलायला सहापैकी कोणीही तयार नव्हतं. तेव्हा किनाऱ्यावरच बसलो आणि फोटोखालच्या ओळीचं भांडण पुन्हा सुरू झालं.

या किल्ल्याखालीही एकाने अशी ओळ लिहून ठेवली आहे, आणि ती आहे लंडनमध्ये. शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा आहे. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे इंग्रजी जिभेवरून घसरलेला आपला सुवर्णदुर्ग. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा अधिकारी विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने पुढच्या वर्षी हा मनोरा बांधला. दारावरच्या शिलालेखाचा आशय असा, की मलबार किनाऱ्यावरचा हा किल्ला जेम्सच्या श्रेष्ठ शौर्यापुढे आणि कर्तबगारीपुढे २ एप्रिल १७५५ रोजी पडला. आमचं हर्णै मलबारात गेलं ते सोडून देऊ. ‘श्रेष्ठ शौर्य’ कसं घडलं ते पाहू.

तेव्हा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे होता. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं होतं. मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांच्यात करार झाला, की दोघांनी मिळून आंग्र्यांवर चालून जायचं. जेम्स ‘प्रोटेक्टर’ नावाचं जहाज आणि आणखी काही गलबतं घेऊन आला. मराठ्यांचं आरमार त्याच्या सोबत होतं. इकडे किनाऱ्यावर सुवर्णदुर्गाची पाठराखण करायला आणखी तीन किल्ले आहेत, कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा. त्या बाजूला रामाजी महादेवांचं पेशव्यांचं सैन्य होतं.

जेम्सने आधी खुल्या समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या. उपयोग शून्य. त्या बाजूचा तट बराचसा खडकातूनच कोरलेला आहे, त्यावर गोळे आपटून नुसते टवके उडत होते. मग किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने त्याला सांगितलं की इथून काही होणार नाही. तेव्हा जेम्सने जहाजं किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या उथळ खाडीत, तटाच्या अगदी जवळ आणली. तिथून मारा केल्यावर आत आग लागली आणि दारूकोठार उडालं. आतली माणसं होड्यांतून बाहेर पडू लागली. किल्ला पडला. आणि कराराप्रमाणे तो मिळाला मराठ्यांना! इंग्रजांच्या पदरात पडलं बाणकोट, ज्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं.

म्हणजे लंडनच्या त्या ओळीत मराठ्यांचं आरमार नाही, किनाऱ्यावरचं सैन्य नाही, फुटून आलेला तो निनावी माणूस नाही, करार नाही. आहे फक्त एक नाव आणि शौर्य. आम्ही तरी दुसरं काय करत होतो? फोटोत आमचे सहा चेहरे होते. तो फोटो काढला होता मामांनी, त्यामुळे वाट माहीत असलेला एकमेव माणूस फोटोत नव्हताच.

या दगडी ओळीच्या अगदी उलट एक ओळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेली, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. राजधानीचा गड उभा करणाऱ्या माणसाने नाव कोरलं ते पायरीवर, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल. तीही खरं तर स्वतःबद्दलचीच ओळ आहे, अभिमान तिच्यातही आहे. पण ‘मी जिंकलं’ असं ती म्हणत नाही, ‘मी काम केलं’ असं म्हणते. हा फरक मला रायगडावर कधी जाणवला नव्हता. तो हर्णैला, पाय पसरून बसल्यावर जाणवला.

मित्राने मात्र ऐकून घेऊन शांतपणे विचारलं, ‘म्हणजे आपण अभिमान बाळगायचाच नाही? तीन दिवस काय झोपून होतो?’ त्याचंही चूक नव्हतं. सुमारगडाच्या कड्यावर त्याचा हात मी धरला होता आणि तो किती थरथरत होता ते मला माहीत आहे. गड आम्ही जिंकला नाही, पण घाबरत का होईना वर गेलो आणि सहाही जण धड खाली आलो. एवढ्याचा अभिमान खरा आहे, म्हणून तेवढाच लिहायला हवा.

ओळ तयार व्हायला मंगळवार उजाडला, कारण खरा पुरावा उशिरा हाती आला. चढताना दम लागतो, पण पाय मोडतात ते उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आपलं वजन तोलून धरतो आणि त्याला आतून बारीक इजा होते. ते दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. मंगळवारी लिफ्ट बंद होती. ऑफिसचे दोन मजले मी कठडा धरून, आडवा, खेकड्यासारखा उतरलो. सुरक्षारक्षकाने विचारलं, ‘अपघात झाला का?’ मी म्हटलं, ‘महिपतगड झाला.’

त्या रात्री ग्रुपवर शेवटी हे ठरलं आणि फोटोखाली हेच आहे:

‘रसाळ, सुमार, महिपत. गडांनी तीन दिवस वर राहू दिलं. पाय अजून परत आलेले नाहीत. फोटो आणि वाट: बेलदारवाडीपर्यंत सोबत आलेले मामा, चपला घालून.’

तलवारीचा इमोजी काढला. त्या जागी मित्राने एक म्हैस टाकली.