रिसर्च पेपरची लिंक आली? फॉरवर्ड करण्याआधी हे तपासा

व्हॉट्सअॅपवर ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असा मेसेज आणि खाली पेपरची लिंक आली, की मी निष्कर्ष नंतर वाचतो. पेपर कोणी तपासलाय आणि पुढे त्याचं काय झालं, हे आधी बघतो.

प्रीप्रिंट: अजून कोणी तपासलेला नाही

३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या संशोधकांचा एक पेपर बायोआर्काइव्हवर आला. नव्या कोरोना विषाणूच्या स्पाइक प्रोटीनमधले चार तुकडे एचआयव्हीशी जुळतात, असा त्यात दावा होता. ‘विषाणू लॅबमध्ये बनवला’ असे मेसेज लगेच फिरू लागले. पण बायोआर्काइव्ह ही प्रीप्रिंटची साइट आहे. तिथे पेपर तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकतात. इतर संशोधकांनी वाचल्यावर चूक दिसली: काही तुकडे जेमतेम ६ अमिनो आम्लांचे होते आणि इतके छोटे तुकडे कितीतरी जीवांमध्ये योगायोगाने जुळतात. २ फेब्रुवारीला लेखकांनीच पेपर मागे घेतला.

हे तुम्हीही बघू शकता. पेपरवर डीओआय नावाचा नंबर असतो, तो ब्राउझरमध्ये असा टाका:

```
https://doi.org/10.1101/2020.01.30.927871
```

पानावर WITHDRAWN दिसेल. फिरणाऱ्या पीडीएफवर किंवा स्क्रीनशॉटवर हा शिक्का नसतो, म्हणून मी नेहमी मूळ पान उघडतो.

प्रिडेटरी जर्नल: तपासल्याचं फक्त नाटक

हे प्रकाशक लेखकाकडून पैसे घेतात आणि तपासणी न करताच पेपर छापतात. पैसे घेणं हीच खूण मानू नका. चांगली ओपन अॅक्सेस जर्नल्सही फी घेतात. मी पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख बघतो. मध्ये दोन-चारच दिवस असतील तर शंका घ्या. मग जर्नलचं नाव doaj.org वर शोधतो. त्या यादीत फक्त ओपन अॅक्सेस जर्नल्स असतात, त्यामुळे तिथे नाव नाही म्हणजे जर्नल खोटंच, असं नाही.

पीअर रिव्ह्यू: तपासलंय, पण गॅरंटी नाही

इथे त्याच विषयातले तज्ज्ञ छापण्याआधी पेपर वाचतात. पद्धत आणि तर्क ते तपासतात, पण मूळ डेटा बहुधा त्यांच्यासमोर नसतो. २२ मे २०२० ला ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजार रुग्णांचा अभ्यास आला. डेटा सर्जिस्फियर या कंपनीचा होता. तो स्वतंत्र तपासणीसाठी द्यायला कंपनीने नकार दिला आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. अशा पानावर RETRACTED लिहिलेलं असतं.

म्हणून जर्नल कितीही मोठं असो, डीओआय टाकून मूळ पान बघायचं मी सोडत नाही.